एक जागा वाढवून मागताना: एचआरला द्यायच्या नोटमधला तासांचा हिशेब

प्रश्न: गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्सचा बिल विभाग सांभाळतो. तीन जण आहेत, चौथा हवाय. जुलैत नवी लाइन सुरू झाल्यापासून काम आवरत नाही. एचआरला लिहून दिलं होतं: "टीमवर कामाचा प्रचंड ताण आहे, बिलं ४० टक्क्यांनी वाढली आहेत, तरी तातडीने एक जागा मंजूर करावी." नोट परत आली. शेरा एवढाच: "कामाचा भार आणि तातडी स्पष्ट करा, एका पानात." आता आणखी काय स्पष्ट करू?

उत्तर:

तुमची नोट एचआरपाशी थांबत नाही. तिथून ती फायनान्सकडे जाते, मग युनिट हेडच्या टेबलावर, आणि त्या खोलीत तुम्ही नसता. तुमची बाजू एचआरच्या मॅडमना मांडावी लागते. त्यांना तिथे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "माणसं कमी आहेत म्हणता, मग आजवर काम कसं होतंय?" दुसरा, "एप्रिलच्या बजेटमध्ये बघू म्हटलं तर काय बिघडणार आहे?" परत आलेल्या नोटेत यातल्या एकाचंही उत्तर नाही, म्हणून मॅडमनी ती पुढे नेलीच नाही.

खाली एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या रजिस्टरमधले आकडे त्या जागी घाला. पद्धत मात्र हीच ठेवा.

सुरुवात बिलं मोजण्यापासून, आणि पहिली चूक नेमकी इथेच होते. बहुतेक जण टॅली उघडून किती व्हाउचरं पास झाली ते बघतात. Statistics हा अहवाल प्रकारवार संख्या लगेच देतो, म्हणून मोह होतो. पण पास झालेली बिलं म्हणजे तुमच्या तीन माणसांनी जेवढं उरकलं तेवढं. तो आकडा नोटेत घातलात तर तीन माणसं तेवढ्या कामाला बरोबर पुरतात, हेच तुम्ही स्वतःच्या हाताने सिद्ध करता. मोजायची ती आलेली बिलं: आवक रजिस्टरमधली, स्टोअर्समधून आलेली आणि ईमेलवर आलेली. समजा जुलै ते सप्टेंबरची सरासरी महिन्याला १०३० बिलं आली आणि ९३० पास झाली. मग दर महिन्याला मागे राहणारी शंभर बिलं हा तुमच्या नोटेचा पाया.

सरासरी तीन महिन्यांचीच घ्या. एकटा सप्टेंबर दाखवलात तर "चवथीच्या सुट्ट्यांमुळे ढीग पडला असेल" असं कोणीतरी म्हणेल, आणि गोव्यात ते सगळ्यांना पटेल. चवथ कधी ऑगस्टात येते, कधी सप्टेंबरात. तीन महिने एकत्र धरले की हा फाटा बंद होतो.

आता ते ४० टक्के. गेल्या वर्षी याच तिमाहीत महिन्याला ७३५ बिलं येत होती, आता १०३० येतात, म्हणजे टक्केवारी बरोबर आहे. पण तिच्यातून भार कळत नाही, कारण सगळी बिलं सारखी नसतात. कच्च्या मालाच्या बिलाला पीओ, म्हणजे आधी दिलेली खरेदीची ऑर्डर असते, आणि स्टोअर्सचं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद असते. तिन्ही कागद जुळले की बिल पुढे जातं. ट्रान्सपोर्ट, दुरुस्ती, मजूर ठेकेदार यांच्या बिलांना पीओ नसतो. दर कुठून आला ते शोधा, विभागप्रमुखाची सही आणा, टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा ते ठरवा, असा सगळा व्याप असतो. समजा पीओवाल्या बिलाला १२ मिनिटं लागतात आणि बिनपीओच्या बिलाला २२. गेल्या वर्षी ५२० आणि २१५ बिलं होती, आता ६२० आणि ४१० आहेत. जास्त वाढ वेळखाऊ बिलांमध्येच झाली. त्यामुळे बिलं ४० टक्के वाढली तरी त्यांच्यावरचे तास १८३ वरून २७४ झाले, म्हणजे ५० टक्के वाढले. नोटेत लिहायची वाढ ही.

मिनिटं अंदाजाने लिहू नका. टीममधल्या कोणालाही विचारलं तरी तो जास्तच सांगतो. खोटं बोलत नाही, त्याला अडलेली बिलं आठवतात एवढंच. प्रत्येक प्रकारची वीस-वीस बिलं घ्या, अर्धी सर्वात चपळ माणसाकडे आणि अर्धी नवख्याकडे द्या, आणि कागद हातात घेतल्यापासून एंट्री पोस्ट होईपर्यंत घड्याळ लावा. सहीसाठी बिल दोन दिवस पडून राहिलं तर ते दोन दिवस धरायचे नाहीत, फक्त हात लागलेला वेळ धरायचा. दोन दिवसांत हे उरकतं. नोटेत "प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजलेला वेळ" एवढे शब्द घातले की फायनान्सवाले मिनिटांवर वाद घालत नाहीत.

या २७४ तासांवर आणखी दोन गोष्टी चढतात. एक, वादातली बिलं. दर जुळत नाही, माल कमी उतरला, बिलावर जीएसटी क्रमांक चुकलाय, अशी महिन्याला दीडशे धरली आणि प्रत्येकाला वरच्या वेळेशिवाय ४५ मिनिटं लागली तर ११२ तास होतात. दोन, ठरलेली कामं. पेमेंटच्या आठ फेऱ्यांचे ३२ तास, साठ पुरवठादारांच्या खात्यांची जुळवणी ४०, जीएसटीच्या 2B शी ताळा ४०, महिनाअखेर ४५ आणि पुरवठादारांचे फोन-ईमेल ३५, मिळून १९२ तास. सगळं धरून महिन्याचं काम भरतं सुमारे ५७९ तास.

दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे किती तास आहेत? इथे दिवसाचे आठ तास धरू नका, आणि हौसेने पाचही धरू नका. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार वजा, दहा सार्वजनिक सुट्ट्या वजा, आणि माणशी सरासरी २५ दिवसांची रजा वजा. रजेचा आकडा एचआरच्याच रजिस्टरमधून मागून घ्या, मग त्यावर त्यांना शंका घेता येत नाही. उरतात २७८ दिवस, म्हणजे महिन्याला २३. चहा, कागदांसाठी स्टोअर्सच्या फेऱ्या, मीटिंग आणि सिस्टिम बंद पडणं यात रोज दीड तास जातो असं धरा. मग दिवसाला साडेसहा तास आणि महिन्याला माणशी १५० तास हाती येतात. तिघांचे ४५०. एक सावधगिरी: फोनचा वेळ तुम्ही आधीच ठरलेल्या कामांत धरलाय, तो या दीड तासात पुन्हा मिसळू नका. फायनान्समधला माणूस सगळ्यात आधी असा दोनदा मोजलेला तासच शोधतो, आणि एक सापडला की उरलेल्या पानावरचाही विश्वास उडतो.

५७९ वजा ४५०, तूट १२९ तासांची. माणसांत सांगायचं तर ०.८६.

बरेच जण इथे थांबतात आणि नोट पाठवून देतात. थांबू नका, कारण आता पहिला प्रश्न येतो: १२९ तास कमी आहेत, तरी पगार वेळेवर झाले, माल आला, कोणी बोंब मारली नाही. मग हे तास गेले कुठे? या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या तासापर्यंत जुळलं पाहिजे. तुमच्याकडे ते बहुधा असं निघेल. तिघांचा ओव्हरटाइम माणशी १६ तास, म्हणजे ४८. तुम्ही स्वतः संध्याकाळी बसून बिलं पास करता, त्याचे २५. साठातल्या फक्त पंधरा पुरवठादारांची खाती जुळवली, पंचेचाळीस सोडून दिली, तिथे ३० तास वाचले. उरलेल्या २६ तासांचं काम झालंच नाही. सोळा मिनिटांना एक बिल या सरासरीने ती साधारण शंभर बिलं होतात. आवक आणि पास यांतला फरकही शंभरचाच होता. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांना भेटले की तुमचा हिशेब टिकतो. भेटले नाहीत तर नोट पाठवण्याआधी चूक शोधा. बहुतेक वेळा मिनिटं फुगलेली असतात.

या चार आकड्यांमधला सोडून दिलेल्या जुळवणीचा आकडा लिहायला संकोच वाटतो, कारण तो आपल्याच विभागाची उणीव वाटतो. तरी लिहाच. जुळवणी न झालेल्या खात्यातूनच एकच बिल दोनदा जाण्याचे प्रकार होतात, आणि फायनान्सच्या माणसाला ते तुमच्याहून जास्त झोंबतं.

ओव्हरटाइमचा आकडा एचआरच्या हजेरी नोंदीशी तंतोतंत जुळू द्या. तुमच्याकडे ओव्हरटाइम दुप्पट दराने देत असतील तर आणखी एक वाक्य लिहिता येतं. तिमाहीत १४४ तासांचा ओव्हरटाइम म्हणजे २८८ साध्या तासांचा पगार. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर एका माणसाला तिमाहीत ६२४ तासांचा पगार जातो. म्हणजे त्या पदाच्या जवळपास अर्ध्या पगाराइतका पैसा आत्ताच खर्च होतोय. ओव्हरटाइम दिला जात नसेल तर फक्त तास लिहा, तक्रारीचा सूर नको. कायद्याने तिमाहीला किती ओव्हरटाइम चालतो ती मर्यादा एचआरला पाठ असते. त्यांचा आकडा मागा आणि तुमची माणसं तिच्या किती जवळ आलीत ते एका ओळीत लिहा.

आता फायनान्सची आवडती सूचना: "आधी प्रोसेस सुधारा." ती ते करणारच, म्हणून तुम्हीच आधी करून टाका. दीडशे वादांमधले किती वाद पीओवर जुना दर राहिल्यामुळे होतात ते पाहा. खरेदी विभागाने दर वेळेवर बदलले तर, समजा, तीस वाद कमी होतील आणि साडेबावीस तास वाचतील. तूट १०६ तासांवर येते, म्हणजे ०.७१ माणूस. मागणी छोटी झाली म्हणून घाबरू नका. सुधारणा वजा करूनही गरज उरते, हे दाखवणारी नोट वाचणाऱ्याला खरी वाटते. माझ्या मते ०.७ च्या वर पूर्ण जागा मागणं पटतं. अर्ध्याच्या खाली आलात तर नवी जागा मागू नका, शेजारच्या विभागाशी अर्धा माणूस वाटून घ्या. मधल्या पट्ट्यात असाल तर उरलेल्या वेळात तो माणूस नेमकं काय करेल ते लिहावं लागतं. तुमच्या बाबतीतही पूर्ण जागा मिळाली तर महिन्याला ४४ तास उरतात. अर्धवट राहिलेल्या जुन्या खात्यांच्या जुळवणीला ते सहज लागतील.

तातडी हा वेगळा विषय आहे. भार कितीही मोठा असला तरी त्यातून तातडी निघत नाही. भार तर पुढच्या वर्षीही असणार. तातडी दाखवायला बाहेरून आलेली तारीख लागते, जी तुम्ही किंवा युनिट हेड, कोणीच पुढे ढकलू शकत नाही. "टीम थकली आहे" ही तारीख नव्हे. "दोघं राजीनामा देतील" ही तर धमकी, आणि ती एचआरच्या फाइलमध्ये त्या दोघांच्या नावावर कायमची बसते.

बिल विभागाकडे अशी तारीख असते: ३१ मार्च. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाही. शिवाय मुदत उलटलेलं जे देणं ३१ मार्चला शिल्लक राहतं, त्याचा खर्च त्या वर्षी धरता येत नाही. सगळे ही तरतूद ४३बी(एच) म्हणून ओळखतात. कंपनी असेल तर ४५ दिवसांवरची थकबाकी सहामाही MSME-1 मध्ये कळवावी लागते. सप्टेंबरअखेरची माहिती ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि मार्चअखेरची ३० एप्रिलपर्यंत.

तुमच्या ढिगाशी याचा सरळ संबंध आहे, आणि तो अकाउंट्सबाहेरच्या माणसाला दिसत नाही. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्या दिवसापासून. मालाबद्दल हरकत असेल तर ती माल आल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी लागते. नाही कळवली तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. ढिगात पडलेलं बिल कोणी उघडतच नाही, म्हणून हरकत जात नाही. महिन्याभराने ते उघडल्यावर दर चुकलाय असं दिसलं तरी घड्याळ केव्हाच सुरू झालेलं असतं.

इथे आकडा फुगवण्याचा मोह आवरा. समजा ३०० प्रलंबित बिलांमध्ये ११० सूक्ष्म-लघु उद्योगांची आहेत, त्यातली ३५ मुदत उलटलेली, रक्कम १८ लाख. हे १८ लाख नुकसान नाही. ३१ मार्चच्या आत फेडले तर याच वर्षी खर्च धरता येतो, नंतर फेडले तर त्या वर्षी. म्हणजे कर बुडत नाही, आधी भरावा लागतो. खरं नुकसान होतं ते व्याजाचं. हे जसं आहे तसंच लिहा. "१८ लाखांचा तोटा" असं लिहिलंत तर फायनान्सवाले तिथेच पेन खाली ठेवतील. उद्यम नोंदणी तपासूनच यादी करा. मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी म्हणून नोंद असलेले पुरवठादार यात धरू नका, आणि यादीवरून कर सल्लागाराची एकदा नजर फिरू द्या.

तारीख मिळाली की उलट मोजत या. मार्चमध्ये माणूस पूर्ण वेगाने काम करणारा हवा. नव्या माणसाला तुमची सिस्टिम, पुरवठादार आणि टीडीएसच्या खाचाखोचा हाताखाली यायला सहा आठवडे लागतात, म्हणजे तो १५ जानेवारीला रुजू हवा. त्याची जुन्या ठिकाणची नोटीस एक महिन्याची, म्हणजे ऑफर १५ डिसेंबरपर्यंत स्वीकारलेली हवी. जाहिरात, चाळणी आणि मुलाखतींना पाच आठवडे धरले तर मंजुरी १० नोव्हेंबरला हातात हवी. पाच आठवड्यांत हे बसवायला थोडी ओढाताण होईल. ३ डिसेंबरला फेस्त, १९ ला मुक्तिदिन, मग नाताळ, त्यामुळे डिसेंबरात मुलाखतीला पॅनेलमधला कोणी ना कोणी गावाला असतो. सीझनमुळे हॉटेलांनाही त्याच सुमारास अकाउंट्सची मुलं हवी असतात. मंजुरी पंधरा दिवस लांबली तर रुजू होण्याची तारीख जानेवारीच्या अखेरीस सरकत नाही, प्रत्यक्षात ती फेब्रुवारीच्या मध्यावर जाते. हे वाक्य नोटेत असू द्या. "तातडीने" या शब्दापेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

एक प्रश्न उरतो: जानेवारीपर्यंत ढिगाचं काय? तो सप्टेंबरअखेर ३०० आहे, नोव्हेंबरअखेर ५०० होईल. डिसेंबर-जानेवारीसाठी ठेकेदाराकडून एक तात्पुरता माणूस मागा, पण फक्त ढिगासाठी, असं स्पष्ट लिहून. पाचशे बिलांना तुमच्या माणसाला १३३ तास लागतात, त्यात दोन महिन्यांत नव्याने साठणारं ५२ तासांचं काम धरा. नवख्याला दीडपट वेळ लागतो, म्हणजे सुमारे २७८ तास, आणि दोन महिन्यांत त्याचे ३०० तास मिळतात. बसतं. पण इथे एक खड्डा आहे. ढीग संपला की कोणीतरी म्हणणारच, "बघा, टेंपररीने झालं की, आता कायमची जागा कशाला?" म्हणून त्याच ओळीत लिहून ठेवा: ओव्हरटाइमचे ४८, तुमचे स्वतःचे २५ आणि सुटलेल्या जुळवणीचे ३० तास तात्पुरत्या माणसाने कमी होत नाहीत, कारण त्याला दराचे निर्णय घेता येत नाहीत आणि पेमेंटचे अधिकारही देता येत नाहीत.

आता नोट. कंपनीत पत्रव्यवहार इंग्रजीत होत असेल तर भाषा बदला, आकडे आणि क्रम हाच ठेवा.

> प्रति: एचआर विभाग
> विषय: बिल विभागात एक नवी जागा, ज्युनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (बदली जागा नाही, चालू बजेटमध्ये नाही)
>
> मागणी: एक कायम जागा. १० नोव्हेंबरपर्यंत मंजुरी आणि १५ जानेवारीपर्यंत रुजू.
>
> कामाचा भार (जुलै–सप्टेंबर, मासिक सरासरी): १०३० बिलं आली, ९३० पास झाली. गेल्या वर्षी याच काळात ७३५ आली होती. वाढ मुख्यतः बिनपीओच्या बिलांत (२१५ वरून ४१०), त्यामुळे बिलांवरचे तास ५० टक्के वाढले. घड्याळ लावून मोजलेल्या वेळेप्रमाणे एकूण काम ५७९ तास, तिघांचे उपलब्ध तास ४५०, तूट १२९.
>
> ही तूट आज कशी भागते: ओव्हरटाइम ४८ तास, विभागप्रमुखांचे २५ तास, पुरवठादारांच्या खात्यांची न झालेली जुळवणी ३० तास, आणि २६ तासांचं न झालेलं काम, म्हणजे दरमहा सुमारे १०० बिलं प्रलंबित.
>
> आम्ही काय सुधारतो आहोत: पीओवरचे दर वेळेवर बदलण्याबाबत खरेदी विभागाशी ठरलं आहे. त्यातून दरमहा सुमारे २३ तास वाचतील. त्यानंतरही तूट १०६ तासांची, म्हणजे ०.७ माणसाची राहते. उरलेला वेळ जुन्या खात्यांच्या जुळवणीसाठी वापरू.
>
> आत्ताच का: ३० सप्टेंबरला ३०० बिलं प्रलंबित होती. त्यातली ३५ सूक्ष्म-लघु उद्योगांची, मुदत उलटलेली, रक्कम १८ लाख. यावर एमएसएमईडी कायद्याचं व्याज चालू आहे. ३१ मार्चला जे थकीत राहील त्याचा खर्च या वर्षी धरता येणार नाही. भरती आणि प्रशिक्षणाला मिळून साडेतीन महिने लागतात. मंजुरी नोव्हेंबरअखेर आली तर माणूस मार्चअखेरपर्यंत तयार होणार नाही.
>
> तोपर्यंत: डिसेंबर-जानेवारीसाठी ठेकेदारामार्फत एक तात्पुरता माणूस, फक्त प्रलंबित बिलांच्या एंट्रीसाठी. वरच्या तुटीतले १०३ तास यामुळे कमी होत नाहीत.
>
> सोबत: तासांचा तक्ता (एक पान), प्रलंबित बिलांची वयवार यादी.

विषयाच्या ओळीतला कंस काढू नका. बदली जागेचा मार्ग वेगळा आणि सोपा असतो, आणि तुमचा अर्ज चुकून त्या गठ्ठ्यात गेला तर तीन आठवड्यांनी "कोणी सोडून गेलंय?" अशी विचारणा येते. टीममधली एखादी बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार असेल तर तेही या नोटेत मिसळू नका. ती २६ आठवड्यांपर्यंतची तात्पुरती गरज आहे, तिच्यासाठी वेगळा मुदतीचा माणूस मागा. दोन्ही एकत्र केलं तर एचआर दोन्ही गरजा एकाच तात्पुरत्या माणसात भागवून टाकतं.

पगाराचा आकडा मुद्दाम घातलेला नाही. तो एचआरचा प्रांत. तुम्ही कमी लिहिलात तर त्याच दरात माणूस शोधायला सांगतील, जास्त लिहिलात तर बाकीच्या तिघांच्या पगाराची तुलना सुरू होईल. ग्रेड लिहा आणि सोडून द्या.

पाठवण्याआधी एक काम करा. तक्ता घेऊन मॅडमच्या टेबलाशी दहा मिनिटं बसा आणि रजेचे दिवस आणि ओव्हरटाइम हे दोन आकडे त्यांच्या नोंदींशी ताडून घ्या. जो आकडा त्यांच्याकडे वेगळा निघेल तिथे त्यांचाच घ्या. समजा रजा २५ ऐवजी २० दिवसांची निघाली, तर माणशी १५० चे १५३ तास होतील आणि तूट १२९ वरून १२० वर येईल. मग "कशी भागते" या परिच्छेदातले चार आकडेही पुन्हा जुळवा. नुसती वरची बेरीज बदलून खालची तशीच ठेवलेली नोट फायनान्सकडून दुसऱ्या दिवशी परत येते.